डच वाक्यात तो 'ऑप' नेमका जातो कुठे? (ए१ची तोंडी परीक्षा, मदत हवी)

सातारची_सून

नमस्कार मंडळी. माझा नवरा नेदरलँड्समध्ये आहे, आता डच नागरिक. मला तिकडे जायचं तर आधी इथल्या डच वकिलातीत ए१ पातळीची परीक्षा द्यायची आहे. वाचन, बोलणं आणि त्या देशाबद्दलचे प्रश्न असे तीन भाग. देशाबद्दलचे प्रश्न पाठ झालेत, वाचनाचं जमेल. बोलण्यात मात्र गाडी रुतली आहे. बोलण्यात दोन प्रकार असतात: एक, प्रश्न ऐकून उत्तर द्यायचं, आणि दोन, अर्धं वाक्य दिलेलं असतं ते पुरं करायचं. समोर माणूस नाही, माईकमध्ये बोलायचं. हातात सात आठवडे आहेत.

शब्द येतात मला. वाक्यात टाकायला गेले की सगळं विस्कटतं. विशेषतः ती दोन तुकड्यांची क्रियापदं, जसं 'ऑप' आणि 'बेलन' मिळून 'ऑपबेलन', म्हणजे फोन करणे. ऑनलाइन क्लासमध्ये एकच नियम सांगितला, "पुढचा तुकडा तोडायचा आणि वाक्याच्या शेवटी टाकायचा." मी इमानदारीत टाकते. तरी काल नवऱ्याला पाच वाक्यं रेकॉर्ड करून पाठवली, त्यातली पाचही चूक निघाली. तो म्हणतो, "चूक आहे एवढं कळतंय, का ते मला सांगता येत नाही."

ती पाच वाक्यं अशी. (बोलायची परीक्षा आहे, म्हणून कानाला येतं तसं देवनागरीत लिहिते. डच 'ग' घशातून येतो, त्याला मी 'ख' लिहिते.)

१. मॉर्खन इक बेल मेइन मूदर ऑप. (उद्या मी आईला फोन करते)
२. इक विल मेइन मूदर बेल ऑप. (मला आईला फोन करायचाय)
३. इक माक स्खोन द क्योकन. (मी स्वयंपाकघर साफ करते)
४. इक बेल मेइन मूदर ऑप नीत. (मी आईला फोन करत नाही)
५. इक कॉम नीत, ऑमदात इक बेन झीक. (मी येत नाही, कारण मी आजारी आहे)

वाक्य बनवायची काही ठरलेली रीत आहे का? रोज घोकता येईल अशी?

डब्यातली_चटणी

अगं, ही परीक्षा सगळ्यांना नसते! माझे मिस्टर कंपनीकडून गेले, मला कसलीही परीक्षा द्यावी लागली नाही. थेट व्हिसा आला. एजंट फसवत नाही ना, बघ आधी.

सातारची_सून

ताई, तुमचे मिस्टर तिकडे नोकरीच्या परवान्यावर गेले असतील. त्यांच्या बायकोला सूट असते. माझा नवरा तिथला नागरिक झालाय, म्हणून मला द्यावी लागते. एजंट वगैरे कोणी नाही. प्रश्न 'ऑप'चा आहे.

पेठी_जर्मन

मी पुण्यात जर्मन बी१पर्यंत केलंय. डच म्हणजे जर्मनची धाकटी बहीण, त्यामुळे नियम तेच. साध्या वाक्यात क्रियापद दुसऱ्या जागी. तुमचं पहिलं वाक्य तिथेच पडलं: 'मॉर्खन' पहिलं, 'इक' दुसरं, 'बेल' तिसरं. बरोबर वाक्य 'मॉर्खन बेल इक मेइन मूदर ऑप'. आणि 'ऑमदात' आलं की क्रियापद सगळ्यात शेवटी. म्हणजे पाचवं 'ऑमदात इक झीक बेन'.

कुठलं क्रियापद तुटतं हे ओळखायचं तर पुढचा तुकडा बघा. आन, ऑप, आउत, मे, आफ, इन, व्होर, ओव्हर असलं काही पुढे दिसलं की तोडा. ब, व्हर, ख, ओंत, हेर असेल तर तोडू नका. संपला विषय.

ग्रोनिंगनकर

पेठीभाऊंनी पहिलं आणि पाचवं बरोबर सोडवलं. पण विषय संपला नाही, आणि 'व्होर' दिसलं की तोडा हे अर्धंच खरं आहे. त्यावर शेवटी येतो.

मी उत्तरेला एकोणीस वर्षं राहतो. आमच्या गावच्या वाचनालयात नव्या लोकांशी डच बोलायला बसतो, दर बुधवारी. सीरियन, पोलिश, इरिट्रियन, मधूनच एखादा आपला. आपल्या माणसाची चूक ठरलेली असते: तो डच वाक्य इंग्रजीवरून बनवतो. 'क्लीन अप द किचन' म्हणून 'माक स्खोन द क्योकन'. सूनबाई, तुमचं तिसरं वाक्य तेच आहे. आणि गंमत म्हणजे डचला इंग्रजीपेक्षा मराठी जवळची आहे. भाषाशास्त्रवालेही डचमध्ये क्रियापदाची मूळ जागा शेवटी धरतात. यान कॉस्टर नावाच्या डच अभ्यासकाने १९७५ साली हेच मांडलं होतं. आपल्याला त्याचा उपयोग एवढाच की सुरुवात मराठीतून करायची.

मी शिकवतो ती रीत अशी. आधी कर्ता विसरा, काळ विसरा. फक्त 'णे' वालं मराठी वाक्य बोला: 'उद्या आईला फोन करणे'. आता शब्दाला शब्द डच ठेवा: 'मॉर्खन मेइन मूदर ऑपबेलन'. झालं. हा क्रम पूर्ण डच आहे, एक शब्द हलवावा लागत नाही. अजून एक बघा: 'उद्या बसने उत्रेख्तला जाणे' म्हणजे 'मॉर्खन मेत द बस नार उत्रेख्त खान'. कधी, कशाने, कुठे, मग क्रिया. आपण असंच बोलतो. इंग्रजी आधी कुठे आणि मग कधी सांगतं, म्हणून तिथून आलात की गोंधळ.

दुसरी पायरी. पहिल्या जागेवर एकच वस्तू बसवा. बहुतेक वेळा कर्ताच, 'इक'.

तिसरी पायरी. शेवटी बसलेल्या क्रियापदातून फक्त चालणारा भाग उचला, दुसऱ्या जागी आणा आणि कर्त्याप्रमाणे त्याचं रूप करा. 'ऑपबेलन'मधून 'बेलन' उचललं, 'बेल' झालं. 'इक बेल मॉर्खन मेइन मूदर ऑप'.

आता 'ऑप'कडे बघा. तो कुठे गेला? कुठेच नाही. तो होता तिथेच बसून आहे. त्याचा जोडीदार उठून पुढे गेला आणि तो मागे एकटा राहिला. तुमच्या क्लासने 'ऑप शेवटी टाका' सांगितलं, म्हणून तुम्ही वाक्य बोलत बोलत शेवटी 'ऑप' टाकता, मग ते 'नीत'च्या आधी पडतं की नंतर, हे कळत नाही. टाकायचं काहीच नसतं हो. उचलायचं असतं.

सातारची_सून

थांबा थांबा. मग दुसरं वाक्य? 'इक विल' मध्ये काय उचलायचं?

ग्रोनिंगनकर

काहीच नाही. दुसरी जागा एकच. 'विल' (हवंय), 'कान' (शकतो), 'मूत' (पाहिजे, हसू नका, पहिल्या महिन्यात सगळी मराठी मंडळी हसतात) यांतलं कोणी आलं की ती जागा त्याने घेतली. मग मागचं 'णे' वालं क्रियापद जोडलेलंच राहतं, अख्खं. 'इक विल मॉर्खन मेइन मूदर ऑपबेलन'. तुम्ही जागा भरलेली असताना पुन्हा तोडलंत, म्हणून चूक.

चौथ्याचं पण सांगतो. 'नीत' मराठीतल्या 'नाही'सारखं सगळ्यात शेवटी जात नाही. इथे मराठी उपयोगी नाही. ते त्या मागे राहिलेल्या शेपटाच्या बरोबर आधी बसतं. 'णे' वाक्यातच घालून ठेवा: 'मेइन मूदर नीत ऑपबेलन'. मग उचला: 'इक बेल मेइन मूदर नीत ऑप'. 'विल' असेल तरी तेच: 'इक विल मेइन मूदर नीत ऑपबेलन'. बघा, 'नीत'ला दोन्हीकडे हलवावं लागलं नाही.

आणि पाचवं. 'ऑमदात' नंतर उचलायचंच नाही. पायरी तीन रद्द. कर्ता घाला आणि क्रियापदाला जागेवरच रूप द्या: 'ऑमदात इक मॉर्खन मेइन मूदर ऑपबेल'. 'कारण मी उद्या आईला फोन करते'. शब्दाला शब्द मराठी. लोक या 'ऑमदात'ला घाबरतात, आपल्याला खरं तर ते फुकटात मिळालंय.

कागदी_होडी

मी मराठीची शिक्षिका होते, आता निवृत्त. डच येत नाही. पण हे वाचून एक सुचलं. 'णे' वालं वाक्य कागदाच्या पट्ट्यांवर लिहा, एका पट्टीवर एक तुकडा. क्रियापदाची पट्टी 'ऑप' आणि 'बेलन'च्या मध्ये खरोखर फाडा. उजवा तुकडा बोटाने सरकवून दुसऱ्या जागी न्या. डावा तिथेच राहील. लहान मुलांना संधी फोडायला मी अशीच शिकवायचे. डोळ्यांना दिसलं की तोंडाला येतं.

सातारची_सून

काकू, हे मी आजच करते. जुन्या कालनिर्णयच्या पानांची मागची बाजू कोरी आहेच.

पेठी_जर्मन

'व्होर'बद्दल अर्धं खरं म्हणालात ते काय? आणि जर्मनमध्ये 'कारण मला फोन करायचाय' यात 'करायचाय' अगदी शेवटी जातं. डचमध्येही 'ऑमदात इक मेइन मूदर ऑपबेलन विल' असंच ना?

ग्रोनिंगनकर

नाही, इथेच बहिणी वेगळ्या होतात. डच लोक 'ऑमदात इक मेइन मूदर विल ऑपबेलन' म्हणतात. तुमचं वाक्य कळेल सगळ्यांना, पण जर्मन शिकून आलाय हे लगेच ओळखतील. ए१ला मात्र हे लागत नाही. सूनबाईंनी 'ऑमदात'नंतर 'विल' टाळावं, साधं क्रियापद वापरावं.

'व्होर'चं असं. लिहिलेलं बघून कळत नाही, ऐकून कळतं. जोर पुढच्या तुकड्यावर असेल तर तुटतं. 'व्होर'वर जोर दिला तर 'व्होरकोमन' म्हणजे घडणं, ते तुटतं. 'को'वर जोर दिला तर तेच अक्षरशः तसंच लिहिलेलं 'व्होरकोमन' म्हणजे टाळणं, ते तुटत नाही. 'ओव्हर'चंही तसंच: 'ओव्हरस्तापन', म्हणजे गाडी बदलणं, जोर पहिल्यावर, तुटतं, 'ओव्हरविनन', म्हणजे जिंकणं, जोर मधे, तुटत नाही. त्यामुळे नवा शब्द पाठ करताना तोंडानेच करा, पहिला तुकडा टेबलावर थाप मारून म्हणा. ब, व्हर वगैरेंवर कधीच जोर येत नाही, म्हणून ते कधीच तुटत नाहीत. तेवढं तुमचं पक्कं आहे.

डब्यातली_चटणी

मी इथे पाच वर्षं 'ऑप' न लावता बोलते, सगळ्यांना कळतं. 'इक बेल मेइन मूदर'. दुकानात, शाळेत, कुठेच कोणी हटकलं नाही. एवढा काथ्याकूट कशाला?

अँटवर्पचे_आजोबा

चटणीताई, तुमचं नशीब की तुम्ही नेमकं ते क्रियापद निवडलंत. 'बेलन' एकट्यानेही फोन करणे हाच अर्थ देतं, आणि हल्ली तेच जास्त ऐकू येतं. 'ऑपबेलन' थोडं जुन्या वळणाचं. पण हा प्रयोग दुसरीकडे करू नका. 'इक माक द क्योकन स्खोन' म्हणजे स्वयंपाकघर साफ करते. 'स्खोन' खाल्लं तर तुम्ही स्वयंपाकघर बनवताय, सुतारासारखं. 'इक स्ता ऑम झेस ऊर ऑप' म्हणजे सहाला उठतो. 'ऑप' नसेल तर सहाला उभा असतो, का आणि कुठे ते ऐकणाऱ्याने ठरवायचं.

माझीच फजिती सांगतो. हिऱ्याच्या धंद्यात आलो तेव्हा फ्लेमिश, म्हणजे बेल्जियमकडची डच, जेमतेम येत होती. दाताच्या डॉक्टरची वेळ रद्द करायची होती. रद्द करणे म्हणजे 'आफझेखन'. मी फोनवर म्हणालो, 'इक झेख द आफस्प्राक' आणि थांबलो. पलीकडची बाई पण थांबली. 'झेखन' म्हणजे नुसतं सांगणे. मी वेळ 'सांगतोय' असं समजून ती लिहून घ्यायला तयार बसली असणार. शेवटी तिनेच विचारलं, "आफ?" मी म्हटलं, "या, या, आफ!" डच माणूस वाक्य संपेपर्यंत त्या शेपटाची वाट बघतो. ते आलं नाही तर तो ताटकळतो.

सातारची_सून

चार दिवसांनी आले. पट्ट्या केल्या. आधी रोज दहा क्रियापदं करायचं ठरवलं होतं, ते झेपेना. आता रोज तीनच घेते आणि एकेकाची पाच रूपं करते. आजचं 'ऑपहालन' (आणायला जाणे) असं केलं, तपासून द्याल का?

'णे': ऑम द्री ऊर मेइन दॉख्तर ऑपहालन. (तीन वाजता मुलीला आणणे. मुलगी अजून नाही, नमुन्यापुरती.)
साधं: इक हाल ऑम द्री ऊर मेइन दॉख्तर ऑप.
वेळ पुढे: ऑम द्री ऊर इक हाल मेइन दॉख्तर ऑप.
विल घालून: इक विल ऑम द्री ऊर मेइन दॉख्तर ऑपहालन.
नाही: इक हाल मेइन दॉख्तर नीत ऑप.
कारण: ऑमदात इक ऑम द्री ऊर मेइन दॉख्तर ऑपहाल.

पेठी_जर्मन

तिसरं चुकलं. पहिल्या जागी 'ऑम द्री ऊर' बसलं, मग लगेच 'हाल', मग 'इक'. 'ऑम द्री ऊर हाल इक मेइन दॉख्तर ऑप'.

सातारची_सून

मला वाटलं 'ऑम', 'द्री', 'ऊर' हे तीन शब्द आहेत, मग दुसरी जागा 'द्री'ची ना! म्हणून घाबरून 'इक' घातलं.

ग्रोनिंगनकर

चांगला प्रश्न आहे, बुधवारी दर महिन्याला कोणीतरी विचारतं. जागा शब्दांच्या नाहीत, पट्ट्यांच्या आहेत. एका प्रश्नाचं एक उत्तर म्हणजे एक पट्टी. कधी? 'ऑम द्री ऊर'. एक पट्टी. 'रोज जेवणानंतर' म्हणजे 'एल्क दाख ना हत एतन' हीसुद्धा एकच, चांगली लांब. मग 'माक इक द क्योकन स्खोन'. उलट 'मॉर्खन इक' या दोन पट्ट्या आहेत, म्हणून चालत नाही.

आता एक लांबलचक पट्टी दाखवतो, जी परीक्षेत वाक्य पुरं करायला येऊ शकते. 'आल्स हत रेखन्त,' म्हणजे 'पाऊस पडला तर'. हे अख्खं वाक्यच पहिल्या जागेवर बसलंय. म्हणून पुढे आधी क्रियापद: 'ब्लेइफ इक ताउस', घरी राहते. तुम्ही 'इक ब्लेइफ' म्हणाल, सवयीने. तो स्वल्पविराम ऐकू आला की जीभ चावा.

सातारची_सून

पण परीक्षेत पट्ट्या फाडायला वेळ कुठे? माईक सुरू होतो आणि मी 'णे' वाक्य बनवत बसते. काल घड्याळ लावून बघितलं, एका वाक्याला वीस सेकंद गेले.

ग्रोनिंगनकर

खरं आहे. ही रीत घरच्या सरावाची. परीक्षेत तिच्यावर विसंबलात तर वेळ जाईल. तिथे वेगळं करा.

पहिल्या प्रकारात प्रश्नातच अर्धं उत्तर असतं. समजा विचारलं, 'हू लात स्ता य ऑप?' (किती वाजता उठतेस?) यात क्रियापद आहे आणि शेपूटही आहे. 'य' काढा, 'इक' पुढे आणा, मधे वेळ घाला: 'इक स्ता ऑम झेस ऊर ऑप'. प्रश्न ऐकताना पहिला शब्द ऐकण्यावर सगळे जोर देतात. तुम्ही शेवटचा पण ऐका. तिथे 'ऑप', 'आन', 'मे' काही ऐकू आलं की ते मुठीत धरून ठेवा आणि उत्तराच्या टोकाला सोडा. आणि वेळ पुढे घेऊ नकाच, 'इक'ने सुरुवात करा, म्हणजे उलटापालट करायची वेळच येत नाही. बाजारात बोलताना 'मॉर्खन बेल इक' वगैरे हवं, पण माईकसमोर साधं बरं.

दुसऱ्या प्रकारात दिलेल्या तुकड्याचा शेवटचा शब्द ऐका. 'वांत' (कारण) ऐकू आलं तर साधं वाक्य: 'वांत इक बेन झीक'. 'मार' (पण) आणि 'एन' (आणि) यांनंतरही तसंच. 'ऑमदात' ऐकू आलं तर मराठी क्रम: 'ऑमदात इक झीक बेन'. दोन्हींचा अर्थ 'कारण'च. तुमचं पाचवं वाक्य चुकलं ते याच घोटाळ्यामुळे, 'ऑमदात' म्हणून 'वांत'चं वाक्य बोललात.

लेइडनची_ऋतुजा

मधेच विचारते, माझी ए२ची लेखी परीक्षा आहे. 'काल मी आईला फोन केला' यात भूतकाळाचा तो 'ख' कुठे घालायचा? मी 'खऑपबेल्त' लिहिलं, कापलं गेलं.

अँटवर्पचे_आजोबा

दोन तुकड्यांच्या मध्ये. 'ऑपखबेल्त', आणि सगळं जोडून एक शब्द. 'इक हेप खिस्तरन मेइन मूदर ऑपखबेल्त'. इथे 'हेप'ने दुसरी जागा घेतली, म्हणून मागचं मागेच राहिलं. ग्रोनिंगनकरांचीच रीत.

एक मात्र त्यांच्याशी भांडायचंय. ते म्हणतात शेपूट कायम टोकाला. आमच्याकडे लोक सर्रास बोलतात, 'इक नोदख मेइन व्रीन्दन आउत व्होर हत फेस्त'. मित्रांना समारंभाला बोलावतो. 'आउत' आधी आणि समारंभ नंतर. ते चूक आहे का?

ग्रोनिंगनकर

चूक नाही. 'व्होर', 'मेत', 'व्हान' असल्या शब्दाने सुरू होणारी पट्टी शेपटाच्या मागे गेली तरी चालते, आमच्याकडेही. पण नुसत्या कर्माची पट्टी, 'मेइन मूदर' किंवा 'द क्योकन', मागे जात नाही. मी नवशिक्याला पहिलं सांगत नाही, कारण मग तो सगळंच मागे ढकलतो आणि आपण पुन्हा 'माक स्खोन द क्योकन'वर येतो.

अँटवर्पचे_आजोबा

मग 'टोकाला' म्हणू नका, 'कर्माच्या मागे' म्हणा. नवशिक्याला खोटा नियम देऊन मग मोडायचा हे मला पटत नाही.

ग्रोनिंगनकर

सात आठवड्यांत परीक्षा असलेल्या मुलीला अपवाद आधी द्यायचा हे मला पटत नाही. राहू द्या, बुधवारी कॉफीवर भांडलो असतो.

कागदी_होडी

मला डच येत नाही तरी मजा येतेय. प्रश्नार्थक वाक्यात काय होतं? आपण 'का' लावतो तसं?

पेठी_जर्मन

'का' नाही काकू. पहिली जागा रिकामी ठेवायची, क्रियापदापासूनच सुरुवात. 'बेल य मॉर्खन य मूदर ऑप?' तुमच्या पट्ट्यांमध्ये डावीकडची पट्टी उचलून ठेवली की झालं.

सातारची_सून

तीन आठवडे झाले. काल नवऱ्याला पुन्हा पाच वाक्यं पाठवली, चार बरोबर आली. पाचवं त्यालाही ठरवता येईना, म्हणून इथे आणते. 'नवरा मला स्खिपहॉल विमानतळावरून न्यायला येतो':

मेइन मान हाल्त मेइ व्हान स्खिपहॉल ऑप.

तो म्हणतो बरोबर आहे, पण तो स्वतः 'मेइन मान हाल्त मेइ ऑप व्हान स्खिपहॉल' म्हणेल. मी कुठलं पाठ करू?

ग्रोनिंगनकर

पहिलं.

अँटवर्पचे_आजोबा

दुसरं. नवऱ्याचं ऐका.